सव्वानऊ वाजता काय करायचे? लवकर निवृत्तीचे एक प्रकरण

मी पुण्यात गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करतो. नोकरी लवकर सोडू पाहणाऱ्यांचे आराखडे करणे हा त्यातला मोठा भाग. हे प्रकरण अशाच एका दांपत्याचे आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकड्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र तसेच ठेवले आहे, कारण ते बदलले तर प्रकरणाचा अर्थच बदलेल.

पार्श्वभूमी

गृहस्थ 47 वर्षांचे, सॉफ्टवेअर कंपनीत वरिष्ठ पदावर. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राहते घर कर्जमुक्त होते. मुलगा बारावीत, त्याच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढून ठेवलेले. ते वगळून साडेचार कोटी रुपये हाताशी होते आणि घरखर्च महिन्याला एक लाख, म्हणजे वर्षाला 12 लाख. साडेचार कोटींतून वर्षाला 12 लाख काढायचे म्हणजे पावणेतीन टक्क्यांहूनही कमी. कंपनीचा गट विमा संपणार म्हणून कुटुंबाचा आरोग्य विमा राजीनाम्याच्या आधीच घेतलेला होता. वहिनी घरीच शास्त्रीय गायनाचे वर्ग घेतात, दुपारी चार ते सहा. ते उत्पन्न आराखड्यात धरलेले नव्हते.

पैशांची मांडणी सरळ होती. तीन वर्षांचा खर्च, म्हणजे 36 लाख, बँकेतल्या मुदत ठेवी आणि लिक्विड फंडात. दीड कोटीच्या आसपास भविष्य निर्वाह निधी आणि कर्जरोख्यांचे फंड यांत. उरलेले सुमारे दोन कोटी साठ लाख शेअर बाजाराच्या निर्देशांक फंडात. बाजार पडला तर पहिल्या कप्प्यातून खर्च चालवायचा आणि शेअर फंडाला हात लावायचा नाही, एवढाच नियम.

या मांडणीची परीक्षा फार लवकर झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये निफ्टी 18,600 ला टेकला आणि जून 2022 मध्ये 15,200 पर्यंत खाली आला. कागदावर त्यांचे 45 लाखांहून अधिक रुपये कमी झाले होते. पण त्यांनी एक युनिटही विकले नाही. नोव्हेंबर 2022 च्या अखेरीस निर्देशांक जुन्या उच्चांकाच्या वर गेला, तेव्हा शेअर फंडातून 12 लाख काढून खर्चाचा कप्पा पुन्हा भरला. ज्या संकटासाठी आराखडा केला होता ते येऊन गेले आणि आराखडा जागच्या जागी राहिला.

अडचण कुठे दिसली

एप्रिल 2023 मधल्या वार्षिक आढाव्यात खर्चाच्या कप्प्यात 30 लाखांच्या आसपास असायला हवे होते. निघाले 17. घरखर्च वाढलेला नव्हता, कुणी आजारी पडले नव्हते, गाडीही घेतलेली नव्हती.

तेरा लाखांचा हिशेब त्यांनी स्वतःच दिला. ऑगस्ट 2022 पासून ते बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्समध्ये, म्हणजे बँकांच्या शेअर निर्देशांकावरच्या, आठवड्यात मुदत संपणाऱ्या सौद्यांत व्यवहार करत होते. नऊ लाख गेले होते आणि चार लाख ब्रोकरकडे मार्जिन म्हणून पडून होते. सुरुवात 50 हजारांनी केलेली. पहिल्या महिन्यात थोडा नफा झाला, मग रक्कम वाढत गेली.

अशा वेळी सल्लागाराच्या मनात पहिले निदान येते ते लोभाचे. ते इथे बसत नव्हते. हाच माणूस 45 लाखांची घट सोसून शांत राहिला होता. त्यांना जोखीम कळत नव्हती असेही नाही. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये 2021-22 या वर्षी वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 89 टक्के लोक तोट्यात होते, असे सेबीच्या अभ्यासात आले होते. तो अभ्यास जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांनी तो वाचला, आणि त्यानंतरही तीन महिने त्यांचे व्यवहार चालूच राहिले. माहितीचा अभाव नव्हता, तर आणखी माहिती देऊन उपयोग नव्हता.

धागा सापडला तो वहिनींच्या एका वाक्यातून. त्या म्हणाल्या, “सोमवार ते शुक्रवार ठीक असतात हो. शनिवार-रविवारी घरात राहवत नाही त्यांना. दिवाळीला बाजार बंद होता, तेव्हा तर माझ्या डब्यांना लेबलं लावत बसले होते.”

नोकरदार माणसाला सोमवार जड जातो. यांना शनिवार जड जात होता. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. त्या सव्वासहा तासांत स्क्रीनवर काहीतरी हलत असते, दर काही मिनिटांनी निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा दर गुरुवारी एक मुदत संपायची, आणि ओळखीच्या ट्रेडरांच्या ग्रुपवर चर्चा चालते. त्यांनी नकळत स्वतःसाठी नवे ऑफिस उघडले होते. नऊ लाख हे त्या ऑफिसचे भाडे होते, असे मी त्या बैठकीत म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सव्वानऊला कुठेतरी हजर व्हावंसं वाटतं. बाकी काही नाही.”

दोन आठवड्यांची वही

तोडगा ठरवण्याआधी त्यांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. दर अर्ध्या तासाला काय केले ते लिहायचे आणि शेजारच्या रकान्यात ‘हे न केल्याने कुणाचे अडले असते?’ याचे उत्तर. ऑप्शन्सचे व्यवहार त्या काळात पूर्ण बंद. हे त्यांनी पाळले, आणि मला त्याचे मोल मोठे वाटते, कारण ते दोन आठवडे सोपे गेलेले नाहीत.

वहीत तीन गोष्टी उठून दिसल्या. सकाळी टेकडीवर जाऊन आठपर्यंतचा वेळ छान जात होता. सव्वानऊ ते बारा हा काळ सर्वांत वाईट होता: फोन, वर्तमानपत्र, पुन्हा फोन, फ्रीज उघडून बंद करणे. आणि दुपारी चार ते सहा घरात कोंडी होत होती. दिवाणखान्यात वहिनींच्या विद्यार्थिनी रियाज करायच्या. हे आतल्या खोलीत दार लावून बसायचे किंवा पाणी प्यायला मधून जायचे. एका मुलीच्या आईने वर्ग बदलायचा विचार बोलून दाखवला होता. नवरा ऑफिसात असताना बसलेली वहिनींची सगळी घडी दीड वर्षात विस्कटली होती, आणि हा खर्च कोणत्याच आराखड्यात दिसत नाही.

शेजारचा रकाना चौदा दिवसांत तीनदा भरला गेला. दोनदा मुलाला स्टेशनवर सोडले आणि एकदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा मिस्त्री बोलावला. इतर सर्व नोंदींसमोर ‘कुणाचेही नाही’.

समोर असलेले पर्याय

नोकरीत परतणे हा सर्वांत सोपा पर्याय होता. जुन्या वरिष्ठांनी सहा महिन्यांचे कंत्राटी काम देऊ केले होते. पैशाने ते आकर्षक होते, पण नोकरी सोडण्याचे मूळ कारण तसेच राहणार होते: रात्री दहानंतरचे अमेरिकेचे कॉल आणि त्यातून वाढलेला रक्तदाब. तो नुकता कुठे गोळीच्या अर्ध्या मात्रेवर आला होता. हा पर्याय नाकारला नाही, बाजूला ठेवला.

दुसरा होता कॉफी शॉपची फ्रँचायझी. ठेव, सजावट, यंत्रे आणि पहिल्या सहा महिन्यांचे भाडे धरून 28 लाख. यात त्यांचा जीव अडकला होता. आम्ही एकच प्रश्न धरला: 28 लाख पूर्ण बुडाले तर काय? साडेचार कोटींच्या मानाने आराखडा टिकला असता. पण दुकान सकाळी सात ते रात्री अकरा चालवायचे, नोकर टिकवायचे, भाड्याचा करार तीन वर्षांचा. कंटाळा आला तर बाहेर पडता येणार नव्हते. दिवस कसा घालवायचा हे ठाऊक नसताना तीन वर्षांचा दिवस एका सहीने विकत घेणे मला धोक्याचे वाटले आणि मी तसे स्पष्ट सांगितले. वहिनींचे मत आणखी नेमके होते: “यांना कॉफीत रस नाही. यांना सकाळी कुलूप उघडायला काहीतरी हवंय.”

तिसरा पर्याय त्यांनी आधीच करून पाहिला होता. निवृत्तीनंतर लगेच ते टेकडीवर झाडे लावणाऱ्या एका गटात जायचे. दोन-तीन महिन्यांत ते सुटले. का सुटले हे विचारल्यावर कळले की गटाचा निरोप नेहमी एकच असायचा: ‘जमेल तसे या.’ गेले तर आनंद, नाही गेले तर कुणाला पत्ता नाही. स्वयंसेवा हे उत्तर नाही, असा निष्कर्ष त्यांनी तिथून काढला होता. वहीतला दुसरा रकाना पाहिल्यावर तो निष्कर्ष सुधारावा लागला. काम बिनपैशाचे होते म्हणून ते सुटले नव्हते. तिथे त्यांची कुणी वाट पाहत नव्हते.

म्हणून चौथा पर्याय शोधला तो या कसोटीवर: ठरलेली वेळ हवी, न गेल्यास एखाद्या नावाच्या माणसाचे नुकसान व्हायला हवे, आणि सहा महिन्यांनी सन्मानाने सोडता यायला हवे.

काय केले

आधी पैशांची दारे बंद केली. ब्रोकरकडून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग खात्यात निष्क्रिय करून घेतला आणि चार लाख परत खर्चाच्या कप्प्यात आणले. दोन लाखांवरचा कोणताही नवा उपक्रम सुचला तर तीन महिने थांबायचे आणि त्यानंतर दोघांनी मिळून ठरवायचे, असा नियम लिहून ठेवला. त्याचबरोबर वर्षाला दीड लाख ‘करून पाहण्यासाठी’ म्हणून आराखड्यात घातले. हे पैसे वाया गेले तरी हिशेब विचारायचा नाही. नुसती बंदी घातली असती तर कंटाळ्याने दुसरी वाट शोधलीच असती, याची मला खात्री होती.

कराच्या बाबतीत एक अवघड वळण आले. ऑप्शन्समधला तोटा हा धंद्यातला तोटा धरला जातो, म्हणून त्या वर्षी आयटीआर-2 ऐवजी आयटीआर-3 हे विवरणपत्र भरावे लागले. त्याच वर्षीच्या व्याजातून तोट्याचा काही भाग वजा झाला. उरलेला पुढची आठ वर्षे ओढता येतो, पण तो फक्त धंद्याच्या उत्पन्नातूनच वजा करता येतो. फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यातून नाही. त्यांच्या मनात लगेच आले की मग थोडे ट्रेडिंग चालू ठेवले तर हा तोटा वापरता येईल. हा मोह हिशेबाच्या वेशात येतो म्हणून जास्त फसवा असतो. पाच-सहा लाखांचा तोटा वापरण्यासाठी आधी तेवढा नफा व्हायला हवा, आणि वाचणार फक्त त्यावरचा कर. तो तोटा वापरायचा नाही, असे ठरवून टाकले.

मग दिवस. त्यांनी पहिल्या उत्साहात पहाटे साडेपाच ते रात्री दहा असे संपूर्ण वेळापत्रक एक्सेलमध्ये केले: योग, वाचन, जर्मन, गिटार, सगळे. तीन आठवड्यांत ते कोसळले, कारण एक गोष्ट चुकली की पुढचा सगळा दिवस चुकल्यासारखा वाटे. त्याऐवजी दोनच खुंट्या ठोकल्या आणि मधला वेळ मोकळा ठेवला.

पहिली खुंटी सकाळची. टेकडीवर एकट्याने जाण्याऐवजी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांसोबत जायचे. त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी एकट्याने चढू नका असे बजावले आहे. सव्वासहाला ते जिन्यात उभे असतात.

दुसरी खुंटी संध्याकाळची. घराजवळच्या महापालिका शाळेच्या एका खोलीत एक छोटी संस्था 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग चालवते. शिवणकाम करणाऱ्या बायका, दुकानात काम करणारी मुलं, शाळा सुटून बरीच वर्षे झालेली माणसं. त्यांना गणिताला शिक्षक नव्हता. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेआठ, मार्चच्या परीक्षेपर्यंत. संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, “सर, मधेच सोडणार असाल तर आत्ताच सांगा. मागच्या वर्षी दोघे सोडून गेले, मुलं परीक्षेलाच बसली नाहीत.” हीच अट हवी होती.

या एका कामाने सव्वानऊचा प्रश्नही सुटत गेला. इंजिनिअर असलेल्या माणसाला दहावीचे गणित येते, पण ऋण संख्यांची वजाबाकी विसरलेल्या पस्तिशीच्या बाईला वर्गसमीकरण कसे शिकवायचे ते येत नाही. त्यासाठी रोज दोन तास तयारी लागू लागली. आणि ती घरात न करता ते चालत दहा मिनिटांवरच्या अभ्यासिकेत करू लागले. दुपारी साडेतीनला ते पुन्हा बाहेर पडतात, सहापर्यंत दिवाणखाना वहिनींचा.

पहिले वर्ष कसे गेले

सुरुवातीचे दोन महिने त्यांना वर्ग आवडत नव्हता, हे नोंदवले पाहिजे. मुलं उशिरा येत, कामाच्या थकव्याने पेंगत, वहीच आणत नसत. सोडायचे विचार वारंवार आले. अटीमुळे ते टिकले. रस नंतर निर्माण झाला, आणि तो कसा झाला याचा एक प्रसंग त्यांनी मला पुढच्या आढाव्यात सांगितला.

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे; त्यात जीएसटीबरोबर शेअर्सही येतात. 100 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 120 रुपये बाजारभावाने घेतला आणि कंपनीने 20 टक्के लाभांश दिला, तर परतावा किती, असे उदाहरण चालू होते. ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंनी विचारले, “सर, आपण तर 120 दिले, मग 20 टक्के 100 वर का मोजायचे?” लाभांश दर्शनी किमतीवर जाहीर होतो, म्हणून हातात 20 रुपये, पण आपले गेले 120, म्हणून खरा परतावा 16.67 टक्के. त्यांनी हे फळ्यावर मांडले. बाईंनी वहीत 100 ला गोल केला, 120 ला चौकोन केला आणि म्हणाल्या, “म्हणजे त्यांचा आकडा वेगळा, आपला आकडा वेगळा.” हे मला सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्या बैठकीत साडेचार कोटींवर आम्ही जेमतेम वीस मिनिटे बोललो असू.

मार्च 2024 च्या परीक्षेनंतर मात्र घसरण झाली. वर्ग संपला, एप्रिल-मे रिकामा, आणि उन्हाळ्यात संध्याकाळ लांबलचक. मेच्या मध्यावर त्यांनी ब्रोकरच्या ॲपवर तो विभाग पुन्हा सुरू करण्याचा अर्ज अर्धा भरला होता, असे वहिनींनी फोन करून कळवले. पैशांत जसा बाजार पडल्यावरचा नियम लिहिलेला असतो, तसा कामाच्या सुट्टीसाठी काहीच लिहिलेले नव्हते. तोडगा त्याच कामात निघाला. मे अखेर निकाल लागला, गणितात नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा जुलैत होती, आणि जूनचा वर्ग त्यांच्यासाठी सुरू केला. उरलेला एप्रिल-मे आता आधीच ठरतो: जुन्या कंपनीचे दीड महिन्याचे काम, रात्रीच्या कॉलशिवाय, आणि त्यातून आलेले पैसे ‘करून पाहण्याच्या’ खात्यात. बाजूला ठेवलेला पहिला पर्याय असा छोट्या मापात उपयोगी पडला.

आजची स्थिती

खर्चाचा कप्पा पुन्हा तीन वर्षांवर आहे. ऑप्शन्सचा विभाग बंदच आहे. कॉफी शॉपचा विषय तीन महिन्यांच्या नियमात स्वतःहून मागे पडला. वहिनींच्या वर्गात विद्यार्थिनी वाढल्या आणि त्यांनी सकाळची एक तुकडी सुरू केली. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढलेली नाही. शनिवार अजूनही पूर्ण सुटलेला नाही. सकाळी अकरानंतर त्यांना अस्वस्थ वाटते, आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात.

एक कमकुवत जागा उरली आहे. सगळा दिवस एका वर्गाभोवती उभा आहे. संस्थेची खोली गेली किंवा विद्यार्थी कमी झाले, तर दोन्ही तासांची जागा एकदम रिकामी होईल. गुंतवणुकीत आपण एवढा पैसा एका शेअरमध्ये ठेवणार नाही. दुसरे एखादे छोटे बंधन शोधणे चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

राजीनामा देण्याआधी त्यांची जवळजवळ चार महिन्यांची रजा शिल्लक होती. ती त्यांनी रोख करून घेतली. त्याऐवजी तीन महिने सलग घरी बसून पाहिले असते, तर सव्वानऊची पोकळी पगार चालू असतानाच दिसली असती, आणि कंपनीत अर्धवेळ कामाची बोलणी करायची संधीही हातात राहिली असती.

घराचे बोलणे पैशांच्या बोलण्याबरोबरच व्हायला हवे होते. दुपारी चार ते सहा दिवाणखाना कुणाचा, जेवणाची वेळ कोणती, पाहुणे आले तर कोण उठणार, हे प्रश्न किरकोळ वाटतात म्हणून कुणी विचारत नाही. वहिनींनी ते दीड वर्ष मनात ठेवले.

आणि खर्चाच्या कप्प्यातली रक्कम वर्षातून एकदाच न पाहता दर तीन महिन्यांनी पाहिली असती, तर ऑक्टोबर 2022 मध्येच 13 लाखांच्या जागी दीड-दोन लाखांची फट दिसली असती. आता माझ्याकडे लवकर निवृत्तीसाठी येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी पहिल्या बैठकीत दोन कागद मागतो. एक, बारा महिन्यांच्या खर्चाचा. दुसरा, सलग दोन आठवड्यांच्या रजेत भरलेली अर्ध्या-अर्ध्या तासाची वही, दोघांची वेगवेगळी. बहुतेक जण पहिला कागद घेऊन येतात आणि दुसऱ्यासाठी पुढची तारीख मागतात. मी ती देतो, आणि वही येईपर्यंत राजीनाम्याची तारीख ठरवत नाही.